कधीच गार न होणारा चहा: एका जाहिरातीचा हिशेब

मी मराठीत जाहिराती लिहिते. मागच्या पावसाळ्यात एका थर्मासच्या जाहिरातीचं काम आलं. साठ सेकंदांची छोटीशी गोष्ट लिहायची होती: रात्रपाळीला चहा विकणारा एक माणूस, त्याची सायकल आणि त्याचा थर्मास. शेवटची ओळ समोरच्यांनी आधीच ठरवून ठेवली होती. "याचा चहा कधीच गार होत नाही."

पहिला खर्डा मी तासाभरात लिहिला. वाशीचं भाजी मार्केट, मध्यरात्र उलटलेली, गाड्या खाली करणारे माथाडी. चहावाल्याला सगळे मामा म्हणतात. तो गाळ्यागाळ्यांतून चहा देत फिरतो. चार वाजता एक ट्रक येतो, घाटात अडकून पडल्यामुळे उशीर झालेला. ड्रायव्हर खाली उतरतो आणि विचारतो, "मामा, गरम असेल का हो अजून?" मामा काही बोलत नाही, थर्मास वाकडा करतो. कपातून वाफ. ड्रायव्हरचा चेहरा. शेवटची ओळ.

वाचायला बरं वाटत होतं, पण एक शब्द मला टोचत होता: 'कधीच'. चहा गार न होणं ही गोष्ट निसर्गात नाही. थर्मास चहाला गार होण्यापासून थांबवत नाही, फक्त उशीर लावतो. किती उशीर लावतो आणि तो उशीर एका चहावाल्याच्या रात्रीला पुरतो का, हे समजल्याशिवाय ती ओळ लिहिणं मला जमेना. म्हणून आधी थर्मास समजून घेतला, मग एक रात्र मार्केटात काढली. त्यातून जे कळलं ते इथे सांगते आहे, कारण घरात थर्मास असलेल्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल.

मुळात थर्मास चहासाठी जन्मलाच नाही. जेम्स ड्यूअर नावाचा स्कॉटिश शास्त्रज्ञ लंडनमध्ये वायू अतिशय थंड करून त्यांचं द्रव बनवण्याच्या मागे लागला होता. हे द्रव उघड्या भांड्यात ठेवले की खोलीच्या साध्या उष्णतेनेही उकळून उडून जात. १८९२ साली त्याने काचेची दोन भांडी एकात एक बसवली, त्यांची तोंडं एकमेकांना जोडली आणि मधल्या फटीतली हवा ओढून काढली. गारवा आत टिकवायचा म्हणजे बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही. गरम चहासाठी याच्या उलट, आतली उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही. भिंत तीच, फक्त दिशा उलटी. पुढे बर्लिनचा काचकाम करणारा राइनहोल्ड बर्गर याने त्यावर धातूचं कवच चढवून ती वस्तू घराघरात वापरण्याजोगी केली, आणि १९०४ च्या सुमारास ती 'थर्मॉस' या नावाने बाजारात आली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ गरम. कंपनीचं नाव पुढे वस्तूचं नाव झालं आणि आपल्याकडे येईपर्यंत त्याचं 'थर्मास' झालं.

आता उष्णता चहातून बाहेर कशी पडते ते पाहू. उकळत्या आमटीत स्टीलचा डाव ठेवला की थोड्या वेळाने दांडा हाताला चटका देतो. उष्णता धातूतून सरकत सरकत वर आलेली असते. ही पहिली वाट. दुसरी वाट हवेची. गरम पातेल्याला लागलेली हवा तापते, हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी गार हवा येते, तीही तापून निघून जाते. प्रत्येक फेरीला थोडी थोडी उष्णता उचलली जाते. तिसऱ्या वाटेला मध्ये काहीच लागत नाही. शेकोटीसमोर बसलं की पाठ गार राहते आणि तोंड भाजतं, सूर्याची ऊब रिकाम्या अवकाशातून आपल्यापर्यंत पोचते, तीच ही वाट.

थर्मासच्या दोन भिंतींमध्ये हवाच नसते, म्हणून त्या फटीतून पहिल्या दोन वाटा जवळजवळ बंद होतात. उष्णता उचलून न्यायला तिथे कुणीच नाही. तिसऱ्या वाटेसाठी काचेच्या थर्मासला आतून आरशासारखी चंदेरी कलई दिलेली असते, ती ऊब परत चहाकडे वळवते. स्टीलच्या थर्मासमध्ये चकचकीत धातू हेच काम करतो.

मग उष्णता जाते कुठून? तोंडातून. दोन्ही भिंती तोंडापाशी एकमेकींना जोडलेल्या असतात, त्या जोडातून ती वर सरकते. बुचातूनही थोडी जाते. बूच उघडलं की वाफ निघते, आणि वाफ म्हणजे चहाने भरपूर उष्णता खर्च करून हवेत सोडलेलं पाणी. चांगल्या थर्मासची मान अरुंद आणि बूच जाड असतं ते यासाठीच. रुंद तोंडाचा डबा भरायला आणि धुवायला सोपा, पण ऊब धरायला कच्चा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. चहावाल्यांच्या सायकलीला किंवा टेबलावर नळ लावलेला मोठा स्टीलचा जग दिसतो, त्याला आपण थर्मासच म्हणतो. पण त्यातल्या बऱ्याच जगांच्या दोन भिंतींमध्ये पोकळी नसते, फोम भरलेला असतो. लोक त्याला पफ म्हणतात. फोम हवेला हलू देत नाही, पण तो स्वतः थोडी उष्णता वाहतो. असा जग तासा-दोन तासांत धंदा उरकणाऱ्याला ठीक, रात्रभराच्या फेरीला कमी पडतो. विकत घेताना 'व्हॅक्यूम' हा शब्द शोधायचा, नुसतं 'डबल वॉल' लिहिलेलं पाहून समाधान मानायचं नाही.

आता हिशेब. गरम वस्तू गार होण्याचा नियम सोपा आहे: ती भोवतालापेक्षा जितकी जास्त गरम, तितक्या वेगाने तिची उष्णता जाते. म्हणून हिशेब चहाच्या तापमानाचा करायचा नाही, भोवतालापेक्षा तो किती 'वर' आहे त्याचा करायचा. समजा रात्री बारा वाजता थर्मासमधला चहा ९० अंश सेल्सिअस आहे आणि मार्केटातली हवा २७. चहा ६३ अंश वर आहे. चांगला, पूर्ण भरलेला आणि न उघडलेला थर्मास यातला साधारण चार टक्के भाग तासाला गमावतो, असं धरू. पहिल्या तासात अडीच अंश उतरले. दुसऱ्या तासात अडीचपेक्षा थोडे कमी, कारण आता 'वर' असलेला भागच कमी झाला. असं करत करत सहा तासांनी, सकाळी सहाला, चहा ७६ अंशांच्या आसपास असतो.

७६ अंश म्हणजे ओठ भाजतील इतका गरम. बहुतेकांना साठीच्या आसपासचा चहा प्यायला बरा वाटतो. ६५ च्या वरची अतिशय गरम पेयं नेहमी पिणं अन्ननलिकेसाठी धोक्याचं असू शकतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली म्हटलं आहे. म्हणजे बंद थर्मासची रात्र तर आरामात निघते. मग मला शंका कसली येत होती? ती अशी की चहावाल्याचा थर्मास बंद नसतो आणि भरलेलाही राहत नाही.

हे नीट बघायला मी एका चहावाल्याबरोबर रात्रभर फिरले. त्यांच्या सायकलीला तीन थर्मास, प्रत्येकी दोन लिटरचे. दोन मागच्या कॅरिअरला आडव्या फळीवर बांधलेले, एक पुढे पिशवीत. एक थर्मास म्हणजे पंचवीसेक कटिंग. मला वाटलं होतं, हाताला येईल त्यातून ओततील. पण त्यांचा क्रम पक्का होता. पुढचा थर्मास रिकामा होईपर्यंत मागच्या दोघांच्या बुचाला हात लावायचा नाही. संपला की तो मागे, भरलेला पुढे. बूच पूर्ण काढायचंही नाही. मनगट एवढंसं वळवून अर्धा आटा सोडायचा, चहा बारीक धारेने खाली येतो, की लगेच परत आवळायचा. हे सगळं ते बोलता बोलता, समोरच्याकडे बघत करत होते, थर्मासकडे त्यांची नजरही जात नव्हती.

मी विचारलं, "काका, एका वेळी एकच का?"

"उघडलेला थर्मास म्हणजे उतरणीला लागलेली गाडी, ताई," ते म्हणाले. "तीन-तीन गाड्या कशाला उतरणीला लावायच्या?"

त्यांचं म्हणणं आकड्यांत मांडून बघू. दोन लिटर चहात उष्णतेचा जेवढा साठा असतो, त्याच्या पाव भाग अर्ध्या लिटरमध्ये असतो. पण तोंडातून आणि बुचातून होणारी गळती चहा कमी झाला म्हणून फारशी कमी होत नाही. साठा पाव राहिला आणि गळती जवळजवळ तेवढीच, तर चहा सुमारे चौपट वेगाने उतरतो. शिवाय वरची रिकामी जागा वाफेने भरलेली असते. बूच सताड उघडलं की ती वाफ बाहेर, गार हवा आत, आणि त्या हवेला पुन्हा वाफेने भरायला चहा आपली उष्णता देतो. अर्धा रिकामा झालेला दोन लिटरचा थर्मास असा एकदा पूर्ण उघडला की फार तर एक-दोन दशांश अंश जातात. एकदा उघडण्याने काही होत नाही. पण पंचवीस कटिंग म्हणजे पंचवीस वेळा, आणि त्याचे तीन-चार अंश होतात. अर्धा आटा सोडण्याच्या त्या सवयीत हे अंश वाचतात.

आता त्यांचा तिसरा थर्मास घेऊ. बाराला भरला, तीनपर्यंत पूर्ण बंद. वरच्या हिशेबाने तीनला तो ८३ अंशांवर असतो. तीन ते पाच त्यातून पंचवीस कटिंग जातात. पहिल्या तासात अर्धा रिकामा होईपर्यंत तीन अंश उतरतात. दुसऱ्या तासात चहा कमी कमी होत जातो तसा उतार वाढतो, आठ-नऊ अंश जातात. उघडझापीचे तीन-चार धरले तर शेवटचं कटिंग ६७-६८ अंशांवर हातात येतं. अजूनही गरम. हेच कटिंग तिन्ही थर्मासमधून आलटून पालटून दिलं असतं, तर पहाटे चारला तिन्ही तळाशी आले असते आणि तिन्हींतला चहा एकाच वेळी कोमटाकडे घसरत असता.

सगळ्यात मोठी चोरी मात्र मला थर्मासच्या बाहेर दिसली. काही गाळेवाले कागदी कपातला चहा घेत नाहीत, त्यांना काचेचाच ग्लास लागतो. ग्लास बादलीतल्या गार पाण्यात बुचकळून निघतो आणि लगेच त्यात चहा पडतो. शंभर ग्रॅमच्या काचेच्या ग्लासात ८० मिलिलिटर चहा ओतला, चहा ७६ अंश आणि ग्लास २५, की काच तापेपर्यंत चहा ६६ वर येतो. थर्मासने चार-साडेचार तासांत जेवढी उष्णता जाऊ दिली, तेवढी ग्लासाने घोटभर वेळात खाल्ली. कागदी कप इतका हलका असतो की त्याला तापायला जवळजवळ काहीच लागत नाही. चहा गार लागला म्हणून थर्मासला दोष देण्याआधी ग्लास गरम पाण्याने विसळून बघावा. घरीही हा उपाय करण्यासारखा आहे.

थर्मास आधी गरम पाण्याने भिजवून घ्यायचा सल्ला सगळे देतात. तो बरोबरच आहे, पण त्याचा फायदा दोन लिटरच्या थर्मासमध्ये एक-दोन अंशांचाच असतो, लहान थर्मासमध्ये जास्त. त्याहून जास्त अंश भरताना जातात. पातेलं उंच धरून गाळणीतून बारीक धार सोडली की चहा हवेतच गार होत होत आत पडतो. काका गाळून घेतलेला चहा पुन्हा एक उकळी आणत, नरसाळं लावत आणि एका दमात गळ्यापर्यंत भरत. गाळून भरण्याचं कारण चवीचंही आहे. पत्ती आत गेली तर रात्रभर भिजत राहते आणि तीनच्या सुमाराला चहा कडू, तुरट होतो.

निघताना मी माझी शेवटची ओळ त्यांना वाचून दाखवली: याचा चहा कधीच गार होत नाही. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कप पुसत म्हणाले, "असा चहा नसतो, ताई. गार व्हायच्या आत संपवायचा. त्यालाच धंदा म्हणतात."

माझ्या जाहिरातीला जे हवं होतं ते या वाक्यात होतं. एका रात्रीत दोन घड्याळं चालू असतात. एक चहा गार होण्याचं, दुसरं चहा संपण्याचं. थर्मास पहिलं घड्याळ सावकाश करतो. दुसरं घड्याळ चहावाल्याच्या पायांत असतं, तो किती गाळे फिरतो त्यात. दुसरं पहिल्याच्या आधी थांबलं की त्याच्या गिऱ्हाईकांपुरता चहा खरोखरच कधी गार होत नाही. गार झालेला चहा कुणी पाहिलेलाच नसतो. 'कधीच' हा शब्द थर्मासबद्दल खोटा आहे, पण मामाबद्दल खरा ठरू शकतो.

कथेच्या रूपातल्या जाहिरातीत हा फरक नुसता शब्दांचा खेळ नाही. आपल्याकडे जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, १९८५ पासून जाहिरातींसाठी आचारसंहिता चालवते. त्या संहितेत अतिशयोक्तीला जागा आहे. ती उघड गमतीची असावी आणि कुणी ती शब्दशः खरी मानू नये, एवढीच अट. आजोबांनी लग्नात भरलेला थर्मास नातवाच्या लग्नात उघडला आणि वाफ आली, अशी जाहिरात चालेल. ते कुणालाच खरं वाटणार नाही. माझी गोष्ट मात्र खऱ्या मार्केटातली, खऱ्या घामाची होती. अशा गोष्टीत 'कधीच' किंवा 'रात्रभर' आलं की बघणारा ते वचन म्हणून घेतो. रात्रपाळीचा एखादा वॉचमन ती पाहून दोन दिवसांची कमाई थर्मासवर घालतो. कथा जितकी खरी वाटते, तितका तिच्यातला दावा सिद्ध करून दाखवायची जबाबदारी वाढते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खाली बारीक अक्षरांत खुलासा टाकून सुटताही येत नाही. खुलासा मुख्य दाव्याला उलटवणारा असू नये, असा नियम आहे. वर 'कधीच' आणि खाली 'सहा तासांपर्यंत' हे एकत्र बसत नाही.

खोक्यावरचा '२४ तास गरम' हा दावाही असाच तपासून घ्यावा. वरच्याच चार टक्क्यांच्या हिशेबाने, पूर्ण भरलेला आणि एकदाही न उघडलेला थर्मास २४ तासांनी ५० अंशांच्या आसपास असतो. याला गरम म्हणायचं का? हाताला गरम, चहाला नाही. म्हणून खोक्यावर किंवा आतल्या कागदावर बघायचं, की किती अंशांवर भरल्यावर, किती तासांनी, किती अंश उरले. हे तीन आकडे दिलेले असतील तर दावा पारखता येतो. नुसते तास दिले असतील तर त्यावरून काही ठरवता येत नाही.

दुधाच्या चहाला आणखी एक मर्यादा आहे. साठ अंशांच्या वर असेपर्यंत जंतूंना त्यात वाढायला वाव मिळत नाही. पण खाली उतरून तो तासन्‌तास कोमट राहिला, तर ती ऊब जंतूंच्या सोयीची. अशा वेळी थर्मासचा गुणच अवगुण होतो, कारण कोमट चहाही तो जपूनच ठेवतो. तळाला उरलेला चहा सकाळच्या ताज्या चहात मिसळू नये, ओतून टाकावा. रिकामा थर्मास गरम पाणी आणि खायचा सोडा घालून तासभर ठेवावा, बुचाचं रबर काढून वेगळं घासावं. जुन्या थर्मासला येणारा आंबूस वास बहुतेक वेळा त्या रबराखालीच लपलेला असतो. धुतल्यावर बूच न लावता उलटा वाळत ठेवावा.

थर्मास मेला आहे हे कसं ओळखायचं, ते मात्र सगळ्यांना माहीत असायला हवं, कारण मेलेला थर्मास दिसायला जिवंतासारखाच असतो. त्याच्यात उकळतं पाणी भरून बूच लावावं, दहा-पंधरा मिनिटं थांबावं आणि बाहेरून पोटाला हात लावावा. मानेपाशी थोडी ऊब लागणारच, तिथे भिंती जोडलेल्या आहेत. पण पोट किंवा बूड गरम लागलं तर मधल्या पोकळीत हवा शिरली आहे, आणि आता ती साधी दुहेरी भांडी उरली. काचेच्या थर्मासच्या बुडाला एक बारीक टोक असतं. कारखान्यात तिथूनच हवा ओढून काच वितळवून तोंड बंद केलेलं असतं. ते टोक तुटलं की पोकळी गेली. काकांनी कवच उघडून दाखवलं, तेव्हा ते टोक हरभऱ्याच्या दाण्याच्या शेंड्याएवढं होतं, आणि त्याच्याखाली रबराची गादी. गादी झिजली की सायकलीचा प्रत्येक धक्का थेट त्या टोकाला. म्हणून ते कवच वर्षातून एकदा उघडून गादी तपासत. स्टीलच्या थर्मासला हे टोक नसतं, पण बुडाला जोरात पोचा पडला तर आतली भिंत बाहेरच्या भिंतीला टेकू शकते. टेकली की तिथे उष्णतेला पूल मिळाला. काचेचा थर्मास हलवून आतून किणकिण आवाज आला तर त्यातला चहा गाळूनही कुणाला देऊ नये. काचेचे बारीक कण गाळणीतून निघून जातात.

जाहिरात पुन्हा लिहिली. साठ सेकंदांत बोलायला शंभर-सव्वाशे शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि छोट्या कथेला एकच माणूस, त्याला हवी असलेली एकच गोष्ट आणि एकच वळण पुरतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात वळणच नव्हतं. थर्मास हिरो होता आणि मामा त्याला उचलणारा हात. दुसऱ्या खर्ड्यात मामाला काहीतरी हवं होतं: उजाडायच्या आत तिन्ही थर्मास रिकामे करून घरी जायचं. थर्मासच्या मालकांनी 'कधीच' सोडायला आधी कुरकुर केली. मी त्यांच्यापुढे दोन घड्याळांचा हिशेब कागदावर मांडला, आणि ओळ बदलली. शेवटी जे लिहिलं ते असं:

रात्रीचे बारा. मामा तिसऱ्या थर्मासचं बूच आवळतात आणि सायकलीला टाच मारतात.

एक वाजता माथाड्यांना चहा. दोन वाजता काट्यावरच्या पोराला. पोर विचारतं, "मामा, मागचा थर्मास का उघडत नाही?"

"तो अजून यायच्या माणसाचा आहे."

चार वाजता ट्रक येतो, चाकांना घाटातला चिखल. ड्रायव्हर खाली उतरतो. "मामा, संपला असेल ना?"

मामा मागचा थर्मास पुढे घेतात. अर्धा आटा. बारीक धार. वाफ ड्रायव्हरच्या चष्म्यावर.

पाच वाजता मामा थर्मास उलटा धरतात. एक थेंब पडतो, दुसरा पडत नाही.

काट्यावरचं पोर विचारतं, "गार झाला का, मामा?"

मामा बूच लावतात.

"संपला."